खडकचक्राची आकृती: बाण नक्की कुठून कुठे काढायचे?

मनवाचीआई

लेक नववीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पात तिला ‘खडकचक्र’ आलंय. अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित अशा तिन्ही खडकांचं वर्णन, शक्यतो आपल्या भागातली उदाहरणं आणि सोबत नावं दिलेली आकृती. वर्णन तिने लिहून काढलंय, अडलंय ते आकृतीपाशी.

तिने एक मोठा गोल काढून त्यावर चार चौकटी बसवल्या. शिलारस, मग अग्निजन्य, मग गाळाचा, मग रूपांतरित आणि पुन्हा शिलारस. बाण सगळे एकाच दिशेने. आकृती पूर्ण झाल्यावर तिलाच शंका आली, "आपण पुण्यात राहतो, खाली सगळा बेसाल्ट आहे. त्याला रूपांतरित व्हायचं असेल तर आधी गाळ व्हावंच लागेल का?"

दुसरी शंका माझी. सासर देवरुखजवळ, घर चिऱ्यांचं. हा जांभा तिन्हीपैकी कुठल्या चौकटीत घालायचा?

चिन्मय_क

गाळ व्हायची काहीच गरज नाही, बेसाल्टपासून रूपांतरितकडे थेट बाण काढता येतो. रूपांतरित म्हणजे खडक खोल जातो, उष्णतेने वितळतो आणि वेगळ्या रूपात परत थंड होतो. मग तो आधी गाळाचा होता की अग्निजन्य, काय फरक पडतो? फक्त या सगळ्याला कोट्यवधी वर्षं लागतात हे आकृतीखाली लिहायला सांगा.

सुगरण७

आमच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट हे अग्निजन्यचं उदाहरण म्हणून चालेल ना? तुकडा शिल्लक आहे, पुण्यातच असाल तर देते.

कातळकोरा

चिन्मय, थेट बाण काढता येतो हे बरोबर, पण कारण तू सांगतोस ते नाही. वितळला तर तो शिलारस झाला, आणि शिलारस थंड होऊन जे बनतं ते अग्निजन्यच. रूपांतरित खडक घन अवस्थेतच बदलतो. भाकरी तव्यावर वितळत नाही, तरी उतरवल्यावर ती पीठ राहिलेली नसते, तसं समज. उष्णता, दाब आणि खडकात मुरलेलं पाणी यांच्यामुळे जुनी खनिजं मोडतात आणि त्याच मालातून नवी खनिजं उभी राहतात. ढोबळमानाने 200 अंश सेल्सिअसच्या पुढे हे सुरू होतं आणि 700-800 अंशांच्या आसपास काही खडक वितळू लागतात. खडकात पाणी असेल तर आणखी लवकर. म्हणजे ‘रूपांतरित’ आणि ‘शिलारस’ या दोन चौकटींमध्ये एक खरी सीमारेषा आहे, ती पुसून चालणार नाही.

मनवाची शंका फार नेमकी आहे. बेसाल्टचं थेट रूपांतर कसं दिसतं ते पाहायला गोव्यात जायचं. तिथे अतिशय जुने लाव्हाचे थर आहेत, आपल्या दख्खनच्या बेसाल्टशी काहीही संबंध नसलेले, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. ते खोल गाडले गेले, दाबले गेले, आणि आज हिरवट दिसतात. तो रंग क्लोराइटसारख्या नव्या खनिजांचा. मधे कुठेही माती नाही, वाळू नाही, नदी नाही. लाव्हाचा थर सरळ रूपांतरित झाला. मी कामाच्या निमित्ताने बरीच वर्षं असे थर चाललोय. हातोडा मारला की ताजा बेसाल्ट खणकन वाजतो आणि वेडावाकडा फुटतो, हा मात्र बऱ्याचदा पापुद्र्यांत सुटतो.

सुगरणताई, बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतो, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. पण तोही शिलारसापासूनच बनलेला, म्हणून अग्निजन्यमध्ये बिनधास्त ठेवा. फक्त चिठ्ठीवर ग्रॅनाइट लिहू नका.

भूगोलाच्या_बाई

मी शाळेत हाच धडा शिकवते, म्हणून मुलांच्या बाजूने बोलते. मुलांना पहिल्यांदा गोल आकृती शिकवण्याला कारण आहे. एका दिशेने फिरणारा गोल लक्षात राहतो. त्यात सुरुवातीलाच आठ-नऊ बाण आले की मूल पाठ करायला लागतं. मनवाने गोल ठेवावा आणि आतून दोन आडवे बाण घ्यावेत, अग्निजन्य ते रूपांतरित आणि गाळाचा ते शिलारस. एवढ्यावर पूर्ण गुण मिळतील.

कातळकोरा

बाई, गोलाला माझा विरोध नाही. माझा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी आहे: नावं कशाला द्यायची? बहुतेक वह्यांत चौकटींना नावं असतात आणि बाण मुके असतात. चौकट म्हणजे फक्त खडकाची आजची अवस्था, चक्र आहे ते बाणांत. प्रत्येक बाणावर काय घडलं ते लिहायला लावलं की चुकीचा बाण आपोआप पकडला जातो, कारण त्यावर लिहायला काही सापडत नाही. ‘गाळाचा ते शिलारस’ हा आडवा बाण घ्या. त्यावर काय लिहाल? गाळाचा खडक वितळण्याइतका तापण्याआधी रूपांतराच्या तापमानातून जातोच. मग तो बाण सरळ जात नाही, रूपांतरितच्या चौकटीतून जातो.

भूगोलाच्या_बाई

हे पटलं, तो बाण काढून टाकूया. पण ‘चौकट म्हणजे आजची अवस्था’ हे नववीच्या मुलाला कितपत झेपेल याबद्दल मला शंका आहे. माझ्या वर्गात तरी नमुना हातात दिल्याशिवाय ते उतरत नाही.

बागायतदार_संगमनेर

इथे खडकांवर चाललंय म्हणून विचारतो. यंदा डाळिंबासाठी बोअर घेतली. वर मुरूम, मग काळा कातळ, मधे तांबडी माती निघाली, परत काळा कातळ. गाडीवाला म्हणाला तांबडं लागलं की पाणी लागतं, पण हाताला फक्त ओल लागली. अजून खाली जावं का?

कातळकोरा

दादा, पाण्याचं खात्रीने सांगायचं तर विहिरी आणि उतार बघायला हवेत, इथून सांगणं चुकीचं ठरेल. काळ्या एकसंध कातळात पाणी फक्त भेगांत असतं. मधला जो मऊ, भोकाभोकांचा असतो, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, त्यात आणि दोन थरांच्या सांध्यात भेगा असतील तर पाणी सापडायची शक्यता जास्त. तांबडा थर स्वतः मात्र चिकणमातीचा असतो, तो पाणी सहज सोडत नाही. तांबडं म्हणजे पाणी असा नियम नाही. शेजारच्या विहिरींत पाणी कुठल्या थरातून झरतं ते आधी पाहून घ्या, मगच पुढचा खर्च.

मनवाचीआई, हा मजकूर मुलीला जरूर दाखवा. यांच्या बोअरमधून जे निघालं त्यात चक्राचा एक तुकडा आहे. खाली एक लाव्हा थंड झाला. त्यानंतर बराच काळ लाव्हा आला नाही, तेवढ्यात त्याचा माथा कुजून माती झाली, कुठे त्यावर राखही पडली. मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहत गेला आणि ती झाकली गेली. तो तांबडा थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधली विश्रांती.

बागायतदार_संगमनेर

बरं, आधी शेजारच्यांच्या विहिरी बघतो. त्या तांबड्या मातीची पिशवी भरून ठेवली आहे, कुणाला प्रकल्पाला हवी असेल तर पाठवतो.

चिन्मय_क

मग त्या तांबड्या मातीवरून हजार-बाराशे अंशांचा लाव्हा गेला, म्हणजे ती भाजली गेली. तोच आपला महाराष्ट्रातला रूपांतरित खडक झाला की!

कातळकोरा

तुझा मुद्दा चांगला आहे, आणि त्यावर माझ्या सहकाऱ्यांतही एकमत नव्हतं. थराचा अगदी वरचा भाग, जिथे लाव्हा टेकला, तो भाजून कडक झालेला काही ठिकाणी दिसतो. पण लाली सगळी भाजल्याची नाही. लोहाचं हवेत ऑक्सिडीकरण झाल्यानेही माती तांबडी होते, आणि काही थर वरपासून खालपर्यंत सारखेच लाल असतात. मी त्याला गाडली गेलेली जुनी माती म्हणतो, काही जण राखेवर भर देतात. प्रकल्पात ‘रूपांतरित’चं मुख्य उदाहरण म्हणून तरी तो थर घेऊ नये.

दूरदेशी

एडिंबरोमध्ये राहतो, म्हणून या शेवटच्या मुद्द्यावर थोडं लिहितो. शहराच्या मधोमध होलीरूड पार्कात सॅलिसबरी क्रॅग्ज नावाचा कडा आहे. त्यात गाळाच्या थरांमध्ये शिलारस घुसून गोठलेला दिसतो, आणि एका जागी त्याने वाळूच्या खडकाचा थर अक्षरशः उचलून वाकवलाय. जेम्स हटन अठराव्या शतकात हेच दाखवत होता. त्या काळी बेसाल्ट आणि ग्रॅनाइट समुद्रात साचून तयार होतात असं मानणारी मोठी मंडळी होती. हटनने 1785 साली ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या शोधल्या. घुसायचं तर ग्रॅनाइट वितळलेला असायला हवा, आणि ज्यात घुसला तो खडक आधीपासून असायला हवा. इतका साधा युक्तिवाद, पण त्यातून ग्रॅनाइट हा सगळ्यात पहिला खडक ही समजूत मोडली.

मनवाला सांगा, कोण कोणाला छेदतंय हे बघायला शिक. नंतरचा कोण ते त्यावरून कळतं. पुण्या-मुंबईच्या भागातही लाव्हाच्या थरांना उभ्या छेदणाऱ्या भिंती दिसतात, तिथेही हेच लागू पडतं.

रानमेवा

जांभ्याचं राहूनच गेलं. आमची चिरेखाण होती, आजोबांपासून. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. सड्यावर वरचा थर कडक, खाली मऊ, त्याच्याखाली पांढरट-जांभळट चिकणमाती, आणि त्याच्याही खाली गेलं तर काळा दगड. आमच्याकडे सगळे त्याला सरळ खडक म्हणतात. पाण्याने आणून टाकलेला गाळ तो वाटत नाही, कारण थर दिसत नाहीत. मग तो अग्निजन्य का म्हणू नये? मूळ तर काळा दगडच.

भूगोलाच्या_बाई

मूळ बेसाल्ट म्हणून जांभा अग्निजन्य म्हटला तर नदीकाठची वाळूही अग्निजन्य म्हणावी लागेल.

कातळकोरा

रानमेवा, तुम्ही खालपासून वरपर्यंत जो क्रम लिहिलात तेच उत्तर आहे. पाऊस आणि उष्णता यांनी बेसाल्ट जागच्या जागी कुजला. त्यातला चुना, मॅग्नेशियम, सोडा आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून गेली. मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. तुमची पांढरट माती म्हणजे या प्रवासातला मधला टप्पा. गाळाच्या खडकात माल आणून टाकलेला असतो, जांभ्यात उलट माल काढून नेलेला असतो.

म्हणून तो तिन्ही चौकटींत नीट बसत नाही. काही पुस्तकं त्याला गाळाच्या खडकांबरोबर ठेवतात, कारण तो भूपृष्ठावर झिजेतून तयार होतो. काही त्याला झिजेचा अवशेष म्हणून वेगळा ठेवतात. मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्यातही कोकणाच्या सखल भागात काही जांभा असा आहे की ज्यात वरून वाहून आलेले जांभ्याचेच तुकडे पुन्हा चिकटलेले दिसतात, त्याला गाळाचा म्हणायला माझी हरकत नाही. मनवाने जांभ्याची चौकट ‘झीज’ या बाणाला लटकवावी, अग्निजन्य आणि गाळाचा यांच्या मधे.

भूगोलाच्या_बाई

माझ्याकडे असा प्रकल्प आला तर मी खुश होईन. पण सगळेच तपासणारे होतील असं नाही. म्हणून त्या चौकटीशेजारी एका वाक्यात कारण लिहावं.

रानमेवा

मी अजून ‘खडक नाही’ हे मानायला तयार नाही. घराची जोती त्यावर उभी आहेत.

कातळकोरा

खडक आहेच, त्यावर वाद नाही. वाद फक्त चौकटीचा.

नागपुरी_संत्रं

तुम्ही सगळे पश्चिमेकडचे, म्हणून नुसत्या बेसाल्टवर अडलात. आमच्या जिल्ह्यात तिन्ही चौकटी आहेत. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. कामठीच्या बाजूला वालुकाश्म, त्याच गावावरून त्या थरांना कामठी नाव पडलं, आणि त्यात ग्लोसोप्टेरिस नावाच्या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. पुढे मनसर-रामटेककडे गेलं की मँगनीजच्या खाणी, अभ्रकाने चमकणारा शिस्ट आणि संगमरवर. मुलांना घेऊन सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत तिन्हींचे तुकडे पिशवीत येतात. खाणीत मात्र परवानगीशिवाय जाऊ नका, रस्त्याकडेला पुष्कळ मिळतं.

कातळकोरा

हे उत्तम. मनसरच्या पट्ट्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तिथले मूळ थर समुद्रात साचलेले: चिखल, चुना आणि मँगनीजयुक्त गाळ. सगळे एकाच वेळी, एकाच उष्णतेत आणि दाबात सापडले. चिखलाचा शिस्ट झाला, चुनखडकाचा संगमरवर झाला, मँगनीजच्या थरात मँगनीजचे गार्नेट तयार झाले. भट्टी एकच, पण जो माल आत गेला त्यावर काय बाहेर येणार ते ठरलं. म्हणून मनवाच्या आकृतीत रूपांतरितची एक मोठी चौकट न करता तिच्यात तीन ओळी घ्याव्यात: चुनखडकापासून संगमरवर, चिखलापासून शिस्ट, बेसाल्टपासून हिरवा खडक.

मनवाचीआई

मनवा सगळं वाचतेय, वही घेऊन बसली आहे. तिचा पुढचा प्रश्न: दख्खनचा बेसाल्ट इतकी वर्षं पडून आहे, मग त्याचं अजून रूपांतर का झालं नाही? आणि त्याच्याही आधी, तो शिलारस आला कुठून? तिच्या गोलात तो रूपांतरित खडक वितळून येतो.

कातळकोरा

मनवा, तुझ्या गोलातला सगळ्यात कच्चा सांधा तू स्वतःच पकडलास.

आधी दुसरं. दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आला, आणि तो कुठल्याही जुन्या रूपांतरित खडकाला वितळवून मुख्यतः बनलेला नाही. तो भूकवचाखालच्या प्रावरणातून आला. प्रावरण घन आहे, तिथे शिलारसाचा समुद्र नाही. पण त्यातला अतितप्त भाग हळूहळू वर सरकला की त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की वितळण्याचं तापमानही उतरतं. मग नवी उष्णता न देता त्याचा थोडा हिस्सा वितळतो. तो थोडा हिस्सा म्हणजे बेसाल्टचा शिलारस. बहुतेकांच्या मते तेव्हा भारत ज्या तप्त स्थानावरून सरकत होता ते आज रियुनियन बेटाखाली आहे. सगळ्यांना हे मान्य नाही, पण शिलारस प्रावरणातला याबद्दल फारसं दुमत नाही.

म्हणजे आकृतीत गोलाच्या बाहेरून, खालून, एक बाण शिलारसात यायला हवा. तो नसेल तर बहुतेक महाराष्ट्र आकृतीच्या बाहेर राहतो. रूपांतरित खडक वितळूनही शिलारस होतो, पण त्यातून साधारणपणे ग्रॅनाइटसारखा, सिलिका जास्त असलेला खडक मिळतो, बेसाल्ट नाही.

आता पहिलं. वय पुरेसं नाही, त्याला खोल जावं लागतं. आपला बेसाल्ट भूपृष्ठावर पसरला आणि तिथेच राहिला. त्यावर कित्येक किलोमीटर जाडीचं नवं ओझं आलं नाही, आणि हिमालयासारख्या टकरीतही तो सापडला नाही. खालच्या थरांतल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी जी झिओलाइट गटाची आणि त्यांच्या सोबतची सुंदर खनिजं मिळतात, ती गरम पाण्यामुळे आणि वरच्या थरांच्या ओझ्यामुळे तयार झाली. काही अभ्यासक त्याला रूपांतराची अगदी पहिली पायरी म्हणतात. माझ्या मते पायरी आहे, पण उंबरठ्याच्या बाहेरची.

चिन्मय_क

मग बेसाल्टच्या खाली काय आहे? कोणी पाहिलंय?

कातळकोरा

पाहिलंय. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर तिथे भोक पाडलं तेव्हा 338 मीटरवर बेसाल्ट संपला. कोयनेच्या भागात संशोधनासाठी 3 किलोमीटर खोल भोक घेतलं, तिथे बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला. दोन्हीकडे खाली ग्रॅनाइट आणि नीस हा रूपांतरित खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. किलोमीटरभर खाली आपल्याकडे रूपांतरित खडक आहेतच, फक्त लाव्हाने झाकलेले. आणि लक्षात घे, ते आधी भूपृष्ठावर उघडे पडले होते, म्हणून तर लाव्हा त्यांच्यावर पसरला. रूपांतरित खडक वितळायलाच जातो असं नाही, बऱ्याचदा तो वर उचलला जातो, झिजतो आणि त्याचा गाळ होतो.

पणजीकर

याचं उदाहरण आमच्याकडे. गोव्याचं लोहखनिज आधी समुद्रात लोह आणि सिलिकाचे पट्टे म्हणून साचलं, मग त्याचं रूपांतर झालं, मग ते वर आलं आणि पावसाने सिलिका धुऊन नेऊन लोह मागे राहिलं. वर जांभ्याचं टोपण. खाणीच्या कापात पट्टे आजही दिसतात. वितळलं कधीच नाही.

सुगरण७

बेसाल्टपासून गाळाचा खडक झालेला कुठे बघायला मिळतो का? की सगळा गाळ नदीतून समुद्रात जातो?

कातळकोरा

बराचसा जातो, तोही पूर्वेला. त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र किती जवळ, पण गोदावरी सह्याद्रीचा माल बंगालच्या उपसागरापर्यंत नेते. मात्र वाटेत थांबलेला गाळही खडक होतो. नेवाशाला प्रवरेच्या काठी जा. बेसाल्टचे गोटे आणि वाळू चुन्याने इतकी घट्ट सांधली गेली आहेत की हातोड्याने फोडावी लागतात. त्या चुन्यातलं कॅल्शियम बरंचसं बेसाल्टच्याच झिजेतून पाण्यात उतरलेलं. या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली, ह. धी. सांकलियांनी तिथे मोठं काम केलं. माणसाच्या हातून पडलेलं हत्यार ज्या खडकात आहे तो खडक माणसानंतरचा. ‘कोट्यवधी वर्षं लागतात’ हे वाक्य म्हणूनच मी खोडायला सांगेन. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्या आणि वाळू चुन्याने सांधून बनलेला करळ तर काही हजार वर्षांतला असतो.

रानमेवा

करळ आमच्याकडे पायऱ्यांना वापरत. तो गाळाचा, हे मान्य.

भूगोलाच्या_बाई

घरातल्या घरात दोन चौकटींचा संबंध दाखवायचा असेल तर शहाबादी फरशीचा तुकडा आणि मकराण्याचा संगमरवर शेजारी ठेवा. पहिला चुनखडक, दुसरा त्याच जातीच्या खडकाचं रूपांतर. दोन्हीवर टोकदार खिळ्याने ओरखडा काढून त्या भुकटीवर लिंबाचा रस टाका, बारीक बुडबुडे येतात. बेसाल्टवर येत नाहीत. मग भिंगातून बघा: संगमरवरात साखरेच्या दाण्यांसारखे चमकणारे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले, शहाबादीत दाणा सहसा दिसतच नाही. खनिज तेच, पण दाणे नव्याने वाढले. रूपांतर म्हणजे काय ते मुलांना यातून कळतं.

सुगरण७

आमच्या कडाप्प्याच्या फळीवर करून बघितलं, बुडबुडे आले!

भूगोलाच्या_बाई

कडाप्पाही चुनखडकच. फळी लगेच धुऊन पुसा, नाहीतर डाग पडेल.

मनवाचीआई

मनवाने आकृती नव्याने काढली. गोल तिने सोडून दिला, उभा छेद काढलाय, वर डोंगर आणि नदी, खाली प्रावरण. बाणांवरचा मजकूर तिच्याच शब्दांत:

प्रावरण → दाब उतरून थोडा भाग वितळला → शिलारस

शिलारस → भूपृष्ठावर लवकर थंड झाला → बेसाल्ट, पुणे

बेसाल्ट → झिजला, वाहून गेला, चुन्याने सांधला → गोट्यांचा खडक, नेवासे

बेसाल्ट → जागेवरच कुजला, सिलिका निघून गेली → जांभा, देवरुख (चौकट तुटक रेषेची, शेजारी कारण)

बेसाल्टसारखा जुना लाव्हा → गाडला गेला, तापला, दाबला गेला → हिरवा खडक, गोवा

चुनखडक → गाडला गेला, तापला, दाणे वाढले → संगमरवर, मनसरचा पट्टा

रूपांतरित खडक → आणखी तापून वितळला → शिलारस

काही राहिलं का?

कातळकोरा

उभा छेद काढला हे फार चांगलं केलं, खोली आपोआप दिसते. तीन बाण राहिलेत. एक, शिलारसापासून दुसरा बाण: भूपृष्ठाखाली सावकाश थंड झाला, दाणे मोठे, ग्रॅनाइट. दोन, रूपांतरितपासून वरच्या दिशेने: उचलला गेला, उघडा पडला, झिजला, गाळ झाला. तीन, गाळाच्या खडकापासून पुन्हा गाळाकडे, कारण कामठीचा वालुकाश्मही आज झिजतोय आणि त्याची वाळू दुसरीकडे साचतेय. आणि शेवटच्या बाणातून येणारा शिलारस आणि प्रावरणातून येणारा शिलारस या दोन वेगळ्या चौकटी कर, कारण त्यांच्यातून वेगळे खडक मिळतात.

भूगोलाच्या_बाई

दोन शिलारस मी नववीला मागणार नाही. बाकीचे तीन बाण जरूर घे, मनवा. आणि हिरव्या खडकाच्या खाली ‘दख्खनचा बेसाल्ट नव्हे’ असं लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पुण्याचा दगड गोव्याला जाऊन बदलला.